पाइलचं काँक्रीट दर वेळी शेवटच्या गाडीलाच का कमी पडतं?

लक्षण असं असतं. एक मीटर व्यासाचा बोअर्ड पाइल आहे. व्यास आणि खोलीवरून काँक्रीट काढलं, त्यावर दहा टक्के धरले आणि आरएमसीला तेवढी ऑर्डर दिली. पहिल्या दोन गाड्या नीट उतरल्या. तिसरी रिकामी झाली तेव्हा काँक्रीट ठरलेल्या पातळीच्या बरंच खाली होतं. प्लांटला फोन गेला, पण मुंबईच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये चौथी गाडी दीड तासाच्या आत पोचत नाही. तोवर ट्रेमी पाइप काँक्रीटमध्ये रुतून बसलेला असतो आणि आतलं काँक्रीट आवळायला लागलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी यावर उपाय म्हणून दहाचे पंधरा टक्के केले जातात. पुढच्या पाइलला एक घनमीटर उरतं, ते कुठेतरी रस्त्याकडेला ओतावं लागतं, ओरडा होतो आणि टक्के परत खाली येतात. अशा साइट्स मी बऱ्याच पाहिल्या आहेत आणि माझं मत ठाम आहे: या समस्येचं उत्तर योग्य टक्का शोधण्यात नाही. जादा काँक्रीट बोअरच्या कोणत्या खोलीवर जातंय हे कळलं पाहिजे. ते कळण्यासाठी लागणारी माहिती प्रत्येक साइटवर रोज गोळा होते, पण हिशेबासाठी ती सहसा कोणी वापरत नाही.

आधी साधा हिशेब तपासून घ्या

सूत्र सगळ्यांना पाठ असतं.

```
V = 0.7854 × D² × L
```

D मीटरमध्ये, L मीटरमध्ये, उत्तर घनमीटरमध्ये. चूक होते ती L मध्ये. ड्रॉइंगवर पाइलची लांबी कट-ऑफ लेव्हलपासून टोकापर्यंत दिलेली असते. काँक्रीट मात्र कट-ऑफच्या वरपर्यंत भरावं लागतं, कारण ट्रेमीने भरताना वरचा थर स्लरी आणि मातीत मिसळून खराब होतो आणि तो नंतर फोडून काढायचा असतो. हा जादा भाग साधारण ६०० मिलिमीटरपासून एक मीटरपर्यंत असतो. कट-ऑफ जितकी खोल, तितका तो जास्त ठेवावा लागतो. दुसरीकडे, बोअरची खोली प्लॅटफॉर्मपासून मोजलेली असते आणि पाइल प्लॅटफॉर्मपर्यंत भरायचा नसतो. म्हणून L म्हणजे बोअरच्या तळापासून काँक्रीट जिथे थांबवायचं तिथपर्यंतचं अंतर, ना ड्रॉइंगवरची लांबी, ना बोअरची पूर्ण खोली.

आणखी एक गोष्ट बारीक आहे, पण तिने पुष्कळ नोंदी बिघडतात. साउंडिंगची टेप लायनरच्या वरच्या काठावरून सोडतात आणि तो काठ प्लॅटफॉर्मच्या अर्धा-पाऊण मीटर वर असतो. एका नोंदीत खोली लायनरच्या काठापासून आणि दुसरीत प्लॅटफॉर्मपासून लिहिली, तर एक मीटर व्यासाच्या पाइलमध्ये तेवढ्यानेच अर्धा घनमीटर इकडचा तिकडे होतो. सगळ्या खोल्या एकाच पातळीपासून लिहा. खाली दिलेल्या सगळ्या खोल्या प्लॅटफॉर्मपासून आहेत.

सळईची वजावट करण्याची गरज नाही. एक मीटरच्या पाइलमध्ये २५ मिलिमीटरच्या १६ सळया असतील, तर त्या छेदाचा जेमतेम एक टक्का व्यापतात. एवढं हाताशी राहिलेलं बरं.

टक्का कुठे फसवतो

ओव्हरब्रेक म्हणजे बोअरची भिंत ठरलेल्या व्यासापेक्षा जितकी बाहेर गेली तितकी. ती किती जाईल हे माती, स्लरी आणि हत्यार यांवर ठरतं, पाइलच्या व्यासावर फारसं नाही. समजा, एखाद्या थरात भिंत सगळीकडून २५ मिलिमीटर बाहेर गेली, म्हणजे व्यास ५० मिलिमीटरने वाढला. ६०० मिलिमीटरच्या पाइलमध्ये त्याने काँक्रीट १७ टक्क्यांनी वाढतं. १२०० मिलिमीटरच्या पाइलमध्ये तीच भिंत तेवढीच खचली, तर वाढ साडेआठ टक्के. म्हणून शेजारच्या साइटवरचा टक्का आपल्याकडे लागू पडत नाही, आणि एकाच साइटवर दोन व्यासांचे पाइल असतील तर एकाचा टक्का दुसऱ्यालाही लागू पडत नाही.

टक्का व्यासावर धरायचा की आकारमानावर, हाही घोळ असतो. व्यास पाच टक्क्यांनी वाढला की आकारमान सव्वादहा टक्क्यांनी वाढतं. "पाच टक्के ओव्हरब्रेक धरा" असं कोणी म्हणालं, तर कशावर ते त्याच वेळी विचारून घ्यावं.

पण सगळ्यात मोठी अडचण ही की टक्का पूर्ण लांबीवर सारखा पसरवला जातो आणि जमीन तशी नसते. मुंबईत खाडीच्या बाजूला, वडाळा-शिवडीपासून माहुलपर्यंत कुठेही बोअर मारला तर साधारण हाच क्रम सापडतो: वर भराव, त्याखाली मऊ राखाडी खाडीची चिकणमाती, मग मुरूम, आणि शेवटी झिजलेला ते पक्का बसाल्ट किंवा ब्रेशिया. खडकात बोअर जवळपास हत्याराच्या मापाचाच राहतो. चिकणमातीत तो कसाही वागतो. दोघांना एकच टक्का लावला, तर तो दोन्हीकडे चुकतो.

वडाळ्याच्या बाजूचा एक पाइल

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजायला सोपं जावं म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. पाइलचा व्यास १००० मिलिमीटर, बोअरची खोली १८.५ मीटर. कट-ऑफ प्लॅटफॉर्मखाली २ मीटरवर, काँक्रीट १.२ मीटरपर्यंत आणायचं. तीन मीटर भराव, दहा मीटरपर्यंत खाडीची चिकणमाती, सोळा मीटरपर्यंत मुरूम, शेवटचे अडीच मीटर झिजलेला खडक. तात्पुरता लायनर ६ मीटर खोल, आतला व्यास १०६० आणि बाहेरचा १०८० मिलिमीटर. पाइल भरून झाला की लायनर ओढून काढायचा.

L म्हणजे १८.५ वजा १.२, अर्थात १७.३ मीटर. कागदावरचं काँक्रीट १३.५९ घनमीटर. दहा टक्के धरून १४.९५. म्हणून सहा, सहा आणि तीन अशा तीन गाड्या, एकूण १५ घनमीटर मागवले.

आता टेप. ट्रेमी कापण्याआधी काँक्रीटची पातळी मोजतातच, कारण ट्रेमीचं टोक काँक्रीटमध्ये किमान दोन मीटर बुडालेलं राहिलं पाहिजे. तीच मापं गाडी अर्धी आणि पूर्ण झाल्यावर नीट लिहून ठेवली तर असं दिसतं:

| ओतलेलं (घनमीटर) | काँक्रीटची पातळी (मीटर खोल) | या टप्प्यातली चढ (मीटर) | निघणारा व्यास (मीटर) |
|---|---|---|---|
| ० | १८.५० | – | – |
| ३ | १४.८० | ३.७० | १.०१६ |
| ६ | ११.२० | ३.६० | १.०३० |
| ९ | ८.०७ | ३.१३ | १.१०५ |
| १२ | ५.०४ | ३.०३ | १.१२३ |
| १५ | १.६४ | ३.४० | १.०६० |

शेवटचा रकाना या सूत्राने येतो. v म्हणजे त्या टप्प्यात ओतलेलं काँक्रीट, h म्हणजे त्या टप्प्यातली चढ.

```
d = 1.128 × √(v / h)
```

बरोबर एक मीटरचा बोअर असता, तर दर तीन घनमीटरला पातळी ३.८२ मीटर चढली असती. इथे ती कुठेच तेवढी चढलेली नाही, पण कुठे किती अडली ते बघा. खडकात आणि मुरुमात फरक किरकोळ आहे. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात चढ एकदम खाली आली. तो भाग लायनरच्या तोंडाखालच्या चिकणमातीचा आहे.

ही मापं अजून थोडी पिळता येतात. चौथा टप्पा ८.०७ पासून ५.०४ पर्यंत, म्हणजे त्यातला वरचा ०.९६ मीटर लायनरमध्ये आहे. लायनरच्या आतला छेद ०.८८२५ चौरस मीटर, म्हणून तिथे ०.८५ घनमीटर गेलं. उरलेलं २.१५ घनमीटर खालच्या २.०७ मीटर चिकणमातीत बसलं. त्यावरून व्यास १.१५ मीटर निघतो. तक्त्यातल्या १.१२३ या सरासरीत तो लपला होता. थर जिथे बदलतो तिथे टप्पा असा तोडून बघावा, नाहीतर बिघाड असतो त्याहून सौम्य दिसतो.

आता हिशेब थरानुसार मांडू. लायनर ओढल्यावर तिथे बाहेरच्या व्यासाइतकी जागा भरावी लागते, म्हणून १.२ ते ६ मीटरमध्ये १०८० मिलिमीटर धरायचे: ४.४० घनमीटर. सहा ते दहा मीटरमध्ये १.१५ मीटर व्यासाने ४.१५. मुरुमात १.०३ मीटर व्यासाने ५.००. खडकात जवळपास हत्याराच्या मापाने २.०० घनमीटर. बेरीज १५.५५, म्हणजे कागदापेक्षा १.९६ घनमीटर जास्त, साडेचौदा टक्के.

या १.९६ पैकी एक घनमीटर एकट्या चार मीटर चिकणमातीने घेतलं. मुरूम आणि खडक मिळून ०.३३. आणि राहिलेलं ०.६३ घनमीटर ओव्हरब्रेक नव्हेच. पाइलपेक्षा ८० मिलिमीटर मोठा लायनर आपणच निवडला, त्याची ती किंमत आहे. ती पहिल्या दिवसापासून ठाऊक असते आणि दर पाइलला तेवढीच लागते. तिला "जमिनीने खाल्लं" म्हणणं बरोबर नाही, आणि ती टक्क्यात ढकलली की खरा टक्का दिसेनासा होतो.

पंधरा घनमीटरवर थांबलं असतं तर काय झालं असतं, तेही पाहून ठेवा. लायनर बाहेर येताना त्याच्या पत्र्याची जागा काँक्रीट घेतं आणि पातळी बसते. १.६४ मीटरची पातळी १.८० वर आली असती. कट-ऑफ दोन मीटरवर. म्हणजे खराब काँक्रीटसाठी हाताशी फक्त २० सेंटिमीटर. पाइलचं डोकं उघडल्यावर कट-ऑफच्या खालीही गाळमिश्रित, ठिसूळ काँक्रीट निघालं असतं, आणि मग ते पक्कं लागेपर्यंत फोडून डोकं नव्याने बांधावं लागलं असतं. अर्ध्या घनमीटरची बचत तिथे किती महागात पडते, ते पाइल कॅपच्या खड्ड्यात पाणी उपसत ते काम केलेल्या कोणालाही विचारावं.

लायनर हीच मोजपट्टी

तक्त्यातली शेवटची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. तिसरी गाडी पूर्णपणे लायनरच्या आत उतरली आणि व्यास १.०६० निघाला, म्हणजे लायनरचा नेमका आतला व्यास. लायनरचा पत्रा खचत नाही. त्याचं माप आपल्याला आधीच माहीत आहे. म्हणून लायनरच्या आत निघणारा व्यास चुकीचा आला, तर दोष जमिनीचा असूच शकत नाही. एक तर टेपचं माप चुकलं, नाहीतर गाडीत चलनावर लिहिलंय तेवढं काँक्रीट नव्हतं.

समजा, तीच तीन घनमीटरची गाडी लायनरमध्ये ३.४० ऐवजी ३.२० मीटर चढली. ३.२० गुणिले ०.८८२५ म्हणजे २.८२ घनमीटर. गाडी सहा टक्के कमी आहे. सहा घनमीटरच्या गाडीत हाच हिशेब धरला, तर दर फेरीला ०.३५ घनमीटर कमी येतंय आणि साइटवर सगळे ते ओव्हरब्रेकच्या खात्यावर लिहीत आहेत.

लगेच भांडायला जाऊ नका. टेपच्या मापात दहा सेंटिमीटरची चूक सहज होते आणि तीन-साडेतीन मीटरच्या चढीत ती एकटीच तीन टक्के होते. म्हणून एका गाडीवरून काही ठरवू नये. चार-पाच पाइलच्या लायनरमधल्या चढी एकत्र पाहा. फरक सगळीकडे एकाच बाजूला झुकत असेल, तर गाडी काट्यावर घाला, भरलेली आणि रिकामी. साधं काँक्रीट घनमीटरला साधारण २.४ टन भरतं. सहा घनमीटरचं निव्वळ वजन साडेचौदा टनांच्या आसपास हवं. ताज्या काँक्रीटची घनता साइटवर क्यूबच्या साच्यात भरून, वजन करून काढता येते. ते माप हातात असलं की प्लांटशी बोलणं सोपं जातं आणि बोलण्याला वादाचं वळण लागत नाही.

अर्ध्या गाडीची मापं मात्र अंदाजाची असतात. ड्रममधलं अर्धं काँक्रीट उतरलं हे डोळ्यांनी ठरवलेलं असतं. म्हणून ३ आणि ९ घनमीटरच्या ओळी थर ओळखायला वापरा, पण प्रमाण ठरवताना पूर्ण गाडीच्या ओळींवरच भिस्त ठेवा.

टेपचं वजनही तपासा. हलकं वजन काँक्रीटवर न टेकता त्याच्या वरच्या चिखलमिश्रित थरावरच थांबतं आणि पातळी आहे त्यापेक्षा वर दिसते. जड, बुडाला सपाट वजन वापरावं आणि बोअरच्या कडेने दोन-तीन ठिकाणी सोडून सगळ्यात खोल माप धरावं.

भिंत आधी खचली, की काँक्रीटने ढकलली?

चिकणमातीत एक घनमीटर जातंय हे कळलं, पण उपाय त्याच्या कारणावर अवलंबून आहे, आणि कारणं दोन आहेत.

पहिलं, बोअर मारतानाच भिंत खचली. स्लरीची पातळी खाली गेली, बकेट झटक्याने वर ओढल्याने खाली ओढ बसली, बेंटोनाइट पातळ होतं, किंवा बोअर तयार होऊन रात्रभर तसाच उभा राहिला. खाडीलगत भरतीच्या वेळी जमिनीतलं पाणी चढतं आणि स्लरीची वरची सरशी कमी होते, हेही लक्षात घ्यावं. स्लरी पाण्याच्या पातळीपेक्षा किमान मीटरभर वर राहिली पाहिजे, आणि तीही भरतीच्या पाण्यापेक्षा.

दुसरं, बोअर चांगलाच होता, पण ओल्या काँक्रीटने मऊ चिकणमाती बाहेर दाबली. ओलं काँक्रीट स्लरीच्या दुपटीहून जड असतं. स्लरीला तोलून धरणारी माती काँक्रीटला तोलू शकेलच असं नाही.

यांतला फरक काँक्रीट ओतण्याआधी आणि ओतताना ओळखता येतो. भिंत खचली असेल, तर ती माती कुठेतरी गेलेली असते. बोअर पूर्ण झाल्यावरची खोली आणि पिंजरा उतरवल्यानंतरची खोली यांत फरक पडतो, तळाशी गाळ साचतो, फ्लशिंग संपता संपत नाही आणि निघणाऱ्या स्लरीत राखाडी चिकणमातीचे गोळे येत राहतात. काँक्रीटने ढकललं असेल, तर तळ स्वच्छ असतो, फ्लशिंग वेळेत होतं, पण दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, काहीच ओतलं जात नसताना, पातळी हळूहळू बसते. गाडी संपताच एक माप घ्या आणि पुढची गाडी लागण्याआधी परत एक घ्या. मधल्या वेळात ट्रेमी हलवलेली नसावी, म्हणजे तिच्यातलं काँक्रीट उतरल्याचा गोंधळ होणार नाही. पातळी पाच-दहा सेंटिमीटर खाली गेली असेल, तर माती अजून सरकते आहे.

पहिल्या कारणावर उपाय लायनर लांबवण्याचा. तो सहा मीटरवर, चिकणमातीच्या मधोमध सोडण्यात काही अर्थ नव्हता. त्याचं तोंड मुरुमात अर्धा मीटर रोवून १०.५ मीटरवर न्यायचं. पण याने किती वाचेल हे प्रामाणिकपणे मोजा. तोच १०८० मिलिमीटरचा लायनर १०.५ मीटरपर्यंत नेला, तर एकूण काँक्रीट १५.१ घनमीटर येतं. बचत फक्त ०.४५, कारण मोठा लायनर स्वतःच जागा खातो. आतून १०२० आणि बाहेरून १०४० मिलिमीटरचा लायनर घेतला, तर एकूण साडेचौदावर येतं, म्हणजे कागदापेक्षा साडेसहा टक्के जास्त. त्यात हत्याराला दोन्ही बाजूंनी फक्त दहा मिलिमीटर मोकळीक राहते, त्यामुळे लायनर ओळंब्यात बसला नाही तर बकेट घासते आणि अडकते. रिगचा ऑपरेटर आणि लायनर बसवणारी टोळी यांच्यावर तेवढा भरवसा असेल तरच हा मार्ग धरावा.

दुसऱ्या कारणावर तात्पुरता लायनर कितीही लांब केला तरी उपयोग नाही. तो ओढला की काँक्रीट मातीला भिडतं आणि फुगवटा तेव्हा येतो, फक्त लायनर निघताना पातळी धपकन खाली बसल्याने तो उशिरा कळतो. तिथे लायनर कायमचा आत ठेवावा. त्याचा खर्च वेगळा, पण मग त्या उंचीत आतला व्यास पक्का राहतो आणि काँक्रीटही.

शेवटच्या गाडीची ऑर्डर कधी द्यायची

पहिल्या एक-दोन पाइलवर वरचा तक्ता तयार झाला की पुढच्या पाइलचा अंदाज थरानुसार करता येतो. दर पाइलला थरांची जाडी बदलते, ती बोअर मारताना निघणाऱ्या मातीवरून कळतेच. चिकणमाती चारऐवजी सहा मीटर लागली, तर दर मीटरला १.०४ घनमीटर धरा, कागदावरचे ०.७९ नव्हे. खडक जास्त लागला तर दर मीटरला ०.८० पुरे.

तरीही शेवटच्या गाडीत किती घ्यायचं, हे सकाळी ठरवू नका. दुसरी गाडी रिकामी होताच पातळी मोजा. आपल्या पाइलमध्ये ती ५.०४ वर होती. लायनर ओढल्यावर १.२० वर यायचं, तर ओढण्याआधी पातळी १.०२ पर्यंत चढवली पाहिजे. अंतर ४.०२ मीटर, गुणिले ०.८८२५, म्हणजे ३.५५ घनमीटर. हॉपरमध्ये चिकटून राहणारं आणि वाया जाणारं पाव-एक घनमीटर धरा. तिसरी गाडी चार घनमीटरची. हा निर्णय चार ओळींचा आहे, पण तो प्लांटवर गाडी भरण्याआधी पोचला पाहिजे. मुंबईत गाडीला लागणारा वेळ दिवसाच्या तासागणिक बदलतो, म्हणून प्लांट लांब असेल तर दुसऱ्या गाडीच्या अर्ध्यावरच्या मापावरून कच्चा आकडा कळवायचा आणि गाडी संपताच पक्का. प्लांटच्या डिस्पॅचरशी हे आधी बोलून ठेवलं तर तो शेवटची गाडी भरायची थांबवतो. अवजड गाड्यांवर बंदीची वेळ जवळ येत असेल, तर पाइलच त्या वेळेआधी पूर्ण होईल असा सुरू करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी घ्या. पण बोअर रात्रभर उभा ठेवून नव्हे. शेवटचे काही मीटर खणायचे बाकी ठेवून.

आणि कमी लागलं तर?

काही जण काँक्रीट हिशेबापेक्षा कमी लागलं की खूश होतात. माझ्या दृष्टीने ही जास्त लागण्यापेक्षा मोठी खूण आहे. लायनरखाली तीन घनमीटरला पातळी ३.८२ ऐवजी ४.३ मीटर चढली, तर त्या भागात व्यास ०.९४ मीटर निघतो. बोअर खडकात असेल, तर बकेटच्या कडेचे दात झिजलेत का ते मोजा. झिजलेल्या हत्याराने बोअर खरोखरच लहान पडतो. चिकणमातीत किंवा भरावात असेल, तर माती आत येऊन पाइलची मान आवळली गेली असण्याची शक्यता धरावी. आधी टेप पुन्हा सोडून खात्री करा की वजन चिखलावर नव्हे, काँक्रीटवरच टेकलंय. माप तसंच राहिलं तर त्या पाइलच्या नोंदीत खोली लिहून ठेवा आणि त्याची इंटिग्रिटी टेस्ट हटकून करून घ्या.

इथेच एकूण टक्क्याचा सगळ्यात मोठा धोका आहे. एकूण काँक्रीट कागदापेक्षा बारा टक्के जास्त गेलं, म्हणून पाइल ठीक आहे, असं म्हणता येत नाही. आठ मीटरवर फुगवटा आणि पाच मीटरवर आवळलेली मान, दोन्ही एकाच पाइलमध्ये असू शकतात आणि बेरजेत एकमेकांना झाकतात. टप्प्याटप्प्याची चढ लिहिलेली असेल, तर ती मान तक्त्यात एका ओळीत दिसते. मात्र टप्पा तीन घनमीटरपेक्षा मोठा घेतला, तर तिथेही ती सरासरीत बुडते. संशय असलेल्या जागेत, विशेषतः लायनरच्या तोंडाच्या दीड-दोन मीटर वर-खाली, दर दीड-दोन घनमीटरला टेप सोडावी. ट्रेमीपाशी उभ्या माणसाला त्याला दोन मिनिटं लागतात.